आठ महिन्यांत बॅटरी हेल्थ ९७ वरून थेट ८९: सेवा केंद्राला पत्र

प्रति,
मा. व्यवस्थापक,
मोबाईल सेवा केंद्र, जळगाव

विषय: वॉरंटीतील फोनची बॅटरी हेल्थ अचानक घटणे, सॉफ्टवेअर पुन्हा टाकूनही तीच तक्रार परत येणे आणि बॅटरीची प्रत्यक्ष तपासणी करून मिळण्याबाबत.

महोदय,

मी रावेर तालुक्यात राहतो आणि सौर पंप, इन्व्हर्टर व त्यांच्या बॅटऱ्या दुरुस्त करण्याचा माझा व्यवसाय आहे. धनत्रयोदशीला मी एकाच दुकानातून, एकाच मॉडेलचे दोन फोन घेतले. एक माझा आणि एक पत्नीचा. बॅटरी दोन्हींची ५००० एमएएच. मे महिना संपेपर्यंत माझ्या फोनवर बॅटरी हेल्थ ९७ टक्के दिसत होती. मृगाच्या तोंडावर वादळ झाले, आमच्याकडे केळी आडव्या झाल्या, विजेचे खांब पडले आणि दोन दिवस लाईन नव्हती. फोन पूर्ण उतरून बंद पडला. लाईन आल्यावर तो रात्रभर चार्जिंगला लावला आणि सकाळी हेल्थ ८९ दिसली.

आपल्या काउंटरवर मला सांगण्यात आले, "भाऊ, उन्हाळ्यात असं होतंच, वापराचा भाग आहे." तरीही आपण सॉफ्टवेअर पुन्हा टाकून दिले, आकडा ९५ झाला, आणि जॉबशीटवर "बॅटरी हेल्थ गुड, समस्या दूर" असा शेरा मारून फोन परत मिळाला. पुढे फोन एकदा पूर्ण उतरला, पूर्ण भरला, आणि आकडा पुन्हा ८९ वर आला. म्हणून आता तोंडी न बोलता सविस्तर लिहीत आहे. माझ्याकडे येणाऱ्या गिऱ्हाइकांपैकीही काहींच्या तोंडी हीच तक्रार असते, त्यामुळे या प्रश्नाचा नीट उलगडा व्हावा अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आकडा एका रात्रीत आठ टक्क्यांनी पडला, पण बॅटरी एका रात्रीत आठ टक्क्यांनी झिजली असे माझे म्हणणे नाही. लिथियम बॅटरी सहसा अशी झिजत नाही. फोनमध्ये बॅटरीवर नजर ठेवणारी एक चिप असते. किती करंट आत गेला आणि किती बाहेर आला याची ती सतत बेरीज-वजाबाकी ठेवते. पण बॅटरीची आजची पूर्ण क्षमता किती, हे तिला त्या हिशेबावरून लगेच कळत नाही. त्यासाठी फोन बराच खाली उतरावा लागतो, मग वरपर्यंत भरावा लागतो, आणि दोन्ही टोकांना थोडा वेळ शांत स्थितीतला व्होल्टेज मिळावा लागतो. तसे झाले की मधला हिशेब जुळतो आणि नवीन क्षमता नोंदली जाते. तोपर्यंत जुन्याच आकड्यात अंदाजाने थोडी घट दाखवली जाते. विहिरीत गाळ साचत राहतो, पण तळापर्यंत दोर सोडल्याशिवाय किती साचला ते कळत नाही, तसेच हे आहे.

माझा फोन दिवसभर दुकानात चार्जरजवळ असतो आणि ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय मी पहिल्यापासून वादळापर्यंत चालू ठेवली होती. त्यामुळे तो बहुतेक वेळ ४० ते ८० च्या मध्ये फिरत होता आणि चिपला दोन्ही टोके कधी मिळालीच नाहीत. ती वादळात मिळाली. म्हणजे ९७ हा आकडा शिळा होता आणि ८९ हा ताजा आहे. याचा आणखी एक पुरावा माझ्याकडे आहे. वादळाआधी हा फोन कधी कधी १४ टक्के दाखवत असतानाच बंद पडायचा. आकडा बदलल्यापासून तो व्यवस्थित दोन-तीन टक्क्यांपर्यंत उतरतो. चिपच्या हिशेबात जी शिल्लक होती ती बॅटरीत नव्हतीच, म्हणून तो आधी मध्येच मान टाकत होता.

आपण सॉफ्टवेअर पुन्हा टाकल्यावर ९५ का दिसले, याचे कारणही मला हेच वाटते. शिकलेली क्षमता पुसली गेली आणि मोजदाद नव्या अंदाजापासून सुरू झाली. पुन्हा दोन्ही टोके मिळताच खरा आकडा वर आला. या दुरुस्तीने बॅटरीत काहीच बदललेले नाही, फक्त तक्रार काही आठवडे झाकली गेली. वॉरंटीची मुदत पुढे सरकत असताना ग्राहकाचे यात नुकसान होते, हे आपण लक्षात घ्यावे.

आता जॉबशीटवरच्या "हेल्थ गुड" या शेऱ्याबद्दल. अँड्रॉइड फोन संगणकाला जोडून खालील आज्ञा दिली की बॅटरीची माहिती मिळते.

```
adb shell dumpsys battery
```

त्यात `health: 2` अशी एक ओळ येते, आणि तपासणीच्या सॉफ्टवेअरमध्ये तीच "गुड" अशी दिसत असावी. पण २ या आकड्याचा अर्थ एवढाच की बॅटरी या क्षणी तापलेली नाही, मेलेली नाही, तिचा व्होल्टेज मर्यादेबाहेर गेलेला नाही. अति तापल्यावर तिथे ३ येतो, मेलेल्या बॅटरीला ४. क्षमता किती उरली याच्याशी त्या ओळीचा संबंध नाही. साठ टक्के उरलेली बॅटरीही तिथे २ दाखवू शकते. त्यामुळे त्या एका ओळीवर माझी तक्रार निकाली काढणे योग्य नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

पडद्यावरचा आकडा जर अंदाजच असेल तर ८९ वर तरी मी का विश्वास ठेवावा, असे आपण विचाराल. म्हणूनच मी तो बाहेरून मोजून पाहिला. चार्जर आणि फोन यांच्यामध्ये लावायचा यूएसबी मीटर माझ्या कामात रोजचाच आहे. पत्नीचा फोन त्याच मॉडेलचा असल्याने तुलना सोपी झाली. तो आजही ९७ दाखवतो. ती अंगणवाडी सेविका आहे, पोषण ट्रॅकरची नोंद आणि गृहभेटी यांत तिचा फोन संध्याकाळपर्यंत तळाला जातो आणि रात्री पूर्ण भरतो. त्यामुळे तिचा ९७ शिळा नाही.

दोन्ही फोन आपोआप बंद पडेपर्यंत वापरले, तासभर तसेच ठेवले, आणि बंद स्थितीतच, एकाच साध्या १० वॉटच्या चार्जरवर, एकाच केबलने, रात्री पंख्याखाली एकामागून एक भरले. मीटरवरचा करंट जवळपास शून्यावर आला की मोजणी थांबवली. मीटर एमएएचही दाखवतो, पण तो आकडा इथे कामाचा नाही. तो चार्जरच्या ५ व्होल्टवर मोजलेला असतो, बॅटरीचा नाममात्र व्होल्टेज मात्र ३.८७ असतो, आणि फास्ट चार्जर असेल तर व्होल्टेज मध्येच बदलतो. म्हणून वॉट-तास पाहायचे. पत्नीच्या फोनने २२.० वॉट-तास घेतले, माझ्याने २०.१.

५००० एमएएच गुणिले ३.८७ व्होल्ट म्हणजे नवी बॅटरी १९.३५ वॉट-तासांची. चार्ज होताना काही ऊर्जा उष्णतेत जाते, त्यामुळे मीटरचा आकडा बॅटरीत साठलेल्यापेक्षा नेहमी मोठा येतो. ही गळती नेमकी किती हे बाहेरून सांगता येत नाही. ती १० टक्के धरली तर माझी बॅटरी ९३ टक्क्यांची निघते आणि २० टक्के धरली तर ८३ ची. एकट्या फोनवर ही चाचणी केली असती तर तिच्यावरून भांडता आले नसते. पण दोन सारख्या फोनची गळतीही साधारण सारखी असते, म्हणून दोघांच्या आकड्यांचे गुणोत्तर काढले. २०.१ भागिले २२.० म्हणजे ०.९१४. तिच्या ९७ ला याने गुणले की ८८.६ येतात. पडद्यावर ८९ आहे. म्हणजे चिपने नोंदलेली घट खरी आहे. एकाअर्धा टक्का मी कुणालाही सोडून देईन, पण ९५ या आकड्याला इथे आधार सापडत नाही.

आता उन्हाळ्याचा मुद्दा, कारण आपला सगळा भर त्यावर आहे. उष्णतेने लिथियम बॅटरी लवकर म्हातारी होते हे शंभर टक्के खरे आहे, आणि भुसावळ-रावेरच्या मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो हे आपल्याला मी सांगायला नको. त्यातही भरलेली बॅटरी तापणे सगळ्यात वाईट, म्हणून तर मी ८० ची मर्यादा लावली होती. पण पत्नीचा फोन त्याच घरात, त्याच उन्हाळ्यात होता, आणि गृहभेटींना उन्हातही गेला. तो रोज १०० टक्के भरतो आणि रोज तळाला जातो, ही दोन्ही कामे बॅटरीला जास्त ओढाताण देणारी आहेत. सेटिंगमध्ये त्याची १९० चार्जिंग चक्रे दिसतात, माझी १७१. एक चक्र म्हणजे शंभर टक्क्यांइतका वापर, मग तो एका दिवसात होवो की तीन. जास्त राबलेली बॅटरी तीन टक्के उतरली आणि कमी राबलेली अकरा. केवळ ऊन हे कारण असते तर फरक उलटा निघायला हवा होता. माझा फोन कधी जास्त तापल्याची नोंद आपल्याला त्यात सापडली असेल, तर ती तारीख-तापमानासह मला दाखवावी. मी ती मान्य करीन.

मग फरक कशाने? बॅटरी न उघडता मी ठामपणे सांगू शकत नाही, पण एक चाचणी दिशा दाखवते. बॅटरीचा अंतर्गत रोध वाढला की जोराचा भार पडताच तिचा व्होल्टेज जास्त खाली जातो. दोन्ही फोन ४० टक्क्यांवर आणले, पडद्याचा उजेड पूर्ण केला, कॅमेऱ्यावर व्हिडिओ आणि त्याचा दिवा चालू केला, आणि वर दिलेल्याच आज्ञेतली `voltage` ही ओळ आधी आणि नंतर पाहिली. त्या ओळीत `3762` म्हणजे ३.७६२ व्होल्ट. ही चाचणी केबल लावून करू नये, कारण केबलमधून फोन चार्ज होत राहतो आणि आकडा फसवा येतो. डेव्हलपर पर्यायांतले वायरलेस डिबगिंग चालू करून वायफायवरून आज्ञा द्यावी. पत्नीच्या फोनचा व्होल्टेज ३.७७ वरून ३.६७ झाला, माझा ३.७६ वरून ३.५८. तितक्याच भाराला माझी बॅटरी जवळपास दुपटीने वाकते. तपमान दोन्हींचे ३३ अंशांच्या आसपास होते, त्यामुळे थंड-गरमचा फरक इथे लागू नाही.

कमी क्षमता आणि वाढलेला रोध एकत्र दिसले, आणि चक्रे कमी असली, तर माझा अनुभव दोन शक्यता सांगतो. एक म्हणजे सेल कारखान्यातूनच कमकुवत आला. दुसरी म्हणजे फोन विक्रीआधी बराच काळ कुठल्यातरी तापलेल्या गोदामात पडून होता. बॅटरी न वापरताही वयाने उतरते, आणि त्याचा हिशेब चक्रांत येत नाही. म्हणून माझ्या बॅटरीची निर्मितीची तारीख मला हवी आहे. माझ्या फोनच्या सेटिंगमध्ये ती दिसत नाही, पण बॅटरीवरच्या छापील मजकुरावरून किंवा अनुक्रमांकावरून आपल्याला ती काढता येईल. दोन्ही फोन एकाच दिवशी विकले गेले म्हणून त्यांच्या बॅटऱ्या एकाच वेळी बनल्या असतील असे नाही.

आपल्या काउंटरवर "८० च्या खाली गेल्याशिवाय काही करता येत नाही" असेही सांगण्यात आले. ८० ची रेघ मला ठाऊक आहे. पण ती रेघ नुसती नसते, तिला चक्रांचा आकडा जोडलेला असतो. आपल्याच कंपनीच्या माहितीपुस्तिकेत ८०० चक्रांनंतर ८० टक्के क्षमता राहील असे छापले आहे. युरोपीय संघातही २० जून २०२५ पासून विक्रीस येणाऱ्या फोनला ८०० चक्रांनंतर किमान ८० टक्के हीच अट आहे. तो नियम आपल्याकडे लागू नाही, पण पुस्तिकेतला शब्द लागू आहे. माझ्या १७१ चक्रांत अकरा टक्के गेले. नव्या बॅटरीची झीज सुरुवातीला थोडी जास्त असते आणि पुढे मंदावते, त्यामुळे मी सरळ त्रैराशिक मांडून "तीनशेवर ८० येईल" असे म्हणणार नाही. पण सुरुवातीची ती घट साधारण किती असावी, हे पत्नीचा फोन तीन टक्क्यांत दाखवतो. वॉरंटी संपेपर्यंत थांबा आणि मग ८० झाले की पैसे भरून बॅटरी टाका, असा त्या उत्तराचा अर्थ होतो, आणि तो मला मान्य नाही.

एक गोष्ट आपल्याकडून स्पष्ट व्हावी. बॅटरीवर सहसा दोन क्षमता छापतात, एक किमान हमीची आणि एक सरासरीची. माझ्या पुस्तिकेत किमान ४८८० आणि सरासरी ५००० असे आहे. ४४५० एमएएच उरले असतील तर ५००० च्या हिशेबाने ८९ टक्के होतात आणि ४८८० च्या हिशेबाने ९१. आपले यंत्र कोणता आकडा खाली धरते ते अहवालात लिहावे, नाहीतर माझे ८९ आणि आपले ९१ एकच असूनही आपण दोघे वाद घालत बसू.

माझी मागणी अशी आहे. फोन एक दिवस आपल्याकडे ठेवून बॅटरी पूर्ण उतरवून पूर्ण भरावी आणि त्यानंतरच तिची पूर्ण चार्ज क्षमता, मूळ क्षमता, चक्रे, अंतर्गत रोध आणि निर्मितीची तारीख जॉबशीटवर लिहून द्यावी. काउंटरवर पाच मिनिटे केबल लावून मिळणारा आकडा मला नको, कारण तो चिपचाच जुना अंदाज असतो. सॉफ्टवेअर पुन्हा टाकू नये. टाकायचेच असेल तर आधीचे आकडे छापून माझ्या हाती द्यावेत. बॅटरी फुगली आहे का, मागचे झाकण कुठे उचलले आहे का, हेही पाहावे. मला तसे काही आढळलेले नाही. आढळले असते तर फोन चार्जिंगला न लावता त्याच दिवशी आपल्याकडे आणला असता.

पूर्ण चक्रानंतर आपल्या यंत्रावर क्षमता ९४-९५ टक्के आली, तर माझा मीटर चुकला असे समजून मी तक्रार मागे घेईन. ती ९० च्या आसपास आली तर बॅटरी वॉरंटीत बदलून मिळावी, आणि नव्या बॅटरीची निर्मितीची तारीख पावतीवर असावी. नकार द्यायचा असेल तर कोणत्या अटीखाली दिला आणि किती टक्क्यांना, किती चक्रांना आपण बॅटरी सदोष मानता, हे लेखी द्यावे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये वस्तूच्या गुणवत्तेतील आणि क्षमतेतील उणीव ही सदोषतेत मोडते. लेखी उत्तर मिळाले नाही तर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५ वर नोंद करीन आणि गरज पडल्यास जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. तशी वेळ येऊ नये असेच मला वाटते, कारण आपल्या काउंटरवरचे मुलगे बोलायला चांगले आहेत आणि त्यांच्याकडे जी तपासणी सांगितली जाते तीच ते करतात.

तुलनेसाठी पत्नीचा फोनही मी सोबत आणीन. दोन्हींवर एकच चाचणी आपल्या यंत्राने, माझ्यासमोर लावावी. तिला अंगणवाडीच्या कामासाठी तो संध्याकाळी परत लागेल, तेव्हा सकाळी दुकान उघडताच तो आधी घ्यावा, माझा मुक्कामाला राहिला तरी चालेल. जळगावला मी येत्या मंगळवारी माल घ्यायला येत आहे. त्या दिवशी बॅटरी तपासणारा तंत्रज्ञ हजर असेल का, एवढे फोनवर कळवावे.

सोबत: खरेदीची पावती, आधीच्या जॉबशीटची प्रत, दोन्ही फोनच्या बॅटरी पानांचे आणि मीटरवरच्या आकड्यांचे फोटो.

आपला ग्राहक,
रावेर तालुका, जि. जळगाव